आजोबांच्या वाट्याला शून्य भाकऱ्या

नर्सरीच्या भिंतीवरचा अंकांचा तक्ता पुष्कळदा शून्यापासून सुरू होतो आणि शिकवणंही मग तिथूनच सुरू होतं. मला हा क्रम उलटा वाटतो. साडेतीन-चार वर्षांच्या मुलाच्या हाताला एक, दोन, तीन लागतात, शून्य लागत नाही. तीन वस्तू नीट मोजता आल्या, त्यातली एक काढली की दोन राहतात हे कळलं, की मग शून्याची पाळी. तीही फळ्यावर नव्हे, टोपलीत.

पण ती टोपली आधीपासून रिकामी नको. रिकामी टोपली वर धरून "यात किती?" असं विचारलं, की हमखास एखादं मूल सांगतं, "एक!" त्याचं काही चुकलेलं नसतं. समोर टोपली दिसते, ती एकच आहे, ती त्याने मोजली. रिकाम्या ताटलीचंही तसंच होतं. काय मोजायचं ते आपण सांगितलेलंच नसतं. म्हणून टोपलीत आधी काहीतरी असायला हवं, ते मुलांच्या डोळ्यांदेखत संपायला हवं, आणि प्रश्न दर वेळी वस्तूचं नाव घेऊनच विचारायला हवा.

यासाठी मी बालवाडीच्या ताईंना एक साधी गोष्ट देते. पुठ्ठ्याच्या तीन गोल चकत्या कापायच्या, त्यांवर खडूने तव्याचे डाग काढायचे, की झाल्या भाकऱ्या. टोपली मात्र खरी, वेताची. भाकऱ्या तीनच, कारण तीनपर्यंतच्या वस्तू मुलाला न मोजता, नजरेनेच ओळखता येतात. सहा ठेवल्या तर त्याचं सगळं लक्ष मोजण्यातच अडकतं.

आजी शेतावर निघाली. टोपलीत आजोबांसाठी तीन भाकऱ्या. वाटेत कुत्रा भेटला, म्हणाला, "आजी, भूक लागली." आजीने एक दिली. कुत्रा झालेलं मूल उठून टोपलीतली एक चकती घेऊन जातं. "आता भाकऱ्या किती?" दोन. पुढे वासरू भेटलं. आता एक. मग बांधावर कावळा बसलेला, तोही भुकेला. शेवटची गेली. आजी शेतावर पोचली, आजोबांनी फडकं बाजूला केलं. "आता भाकऱ्या किती?"

इथे ताईंनी जरा थांबायचं. मुलं ओरडतात, "संपल्या", "नाहीत", "काहीच नाही", एखादी नुसते हात पालथे करून दाखवते. ही सगळी बरोबर उत्तरं आहेत, ती खोडायची नाहीत. त्यांच्याच शब्दाला नवा शब्द जोडायचा: "हो, संपल्या. म्हणजे शून्य भाकऱ्या." मग तीन, दोन, एक, शून्य असं सगळ्यांनी मिळून म्हणायचं. शून्याला वेगळा आवाज काढायचा नाही, डोळे मोठे करायचे नाहीत. 'दोन भाकऱ्या' जशा म्हटल्या तशाच 'शून्य भाकऱ्या'. जादू केल्यासारखं दाखवलं तर मुलांच्या लक्षात जादू राहते, भाकऱ्या किती होत्या हे राहत नाही.

यानंतर कुणीतरी विचारतंच, "मग आजोबा काय खाणार?" प्रश्न टाळू नये, गोष्टीचा खरा उपयोग तर इथून पुढे आहे. आजी चूल पेटवते, एक भाकरी थापते. शून्य होत्या, आता एक. आणखी एक, आता दोन. खाली उतरताना एकानंतर शून्य आलं होतं, वर चढताना शून्यानंतर एक आला. शून्याची जागा एकाच्या अलीकडे आहे, हे मुलाला तक्ता न बघता सापडतं.

सापडतं म्हटलं, तरी ते लगेच पक्कं होत नाही. तीन बाहुल्या मांडा, तिघींपुढे ताटल्या. पहिलीत दोन शेंगदाणे, दुसरीत एक, तिसरी रिकामी. विचारा, "सगळ्यात कमी दाणे कुणाला?" तिसऱ्या ताटलीत शून्य दाणे आहेत असं आत्ताच सांगितलेलं मूलसुद्धा बऱ्याचदा दुसरीकडे, एका दाण्याकडे बोट दाखवतं. हेन्री वेलमन आणि केव्हिन मिलर या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८६ साली नेमका हाच टप्पा नोंदवला होता. मुलं आधी शून्याचं चिन्ह ओळखतात, मग त्याचा अर्थ 'काही नाही' असा होतो हे त्यांना कळतं, आणि तरीही सगळ्यात लहान संख्या एकच आहे असं ती म्हणत राहतात. शून्य एकाहून लहान, ही समज त्यानंतर येते. मुलाच्या लेखी 'कमी' ही दाणे मिळालेल्यांतली गोष्ट आहे. जिला मिळालेच नाहीत ती बाहुली या मोजणीतच नाही.

अशा वेळी "नीट बघ" म्हणून काही होत नाही. पहिल्या ताटलीतला एक दाणा मुलालाच उचलू द्या. आता पहिली आणि दुसरी सारख्या. पहिलीतला उरलेला दाणाही उचलू द्या. दर वेळी विचारा, "हिचे दाणे कमी झाले की जास्त?" कमी, कमी, असं म्हणतच ते रिकाम्या ताटलीपाशी येतं. मग पुन्हा तोच प्रश्न. तरीही बोट एकाकडेच गेलं तर विषय सोडून द्या, दाणे खाऊन टाका, महिन्याभराने पुन्हा बघा. नर्सरीत हे न कळणं ही काळजीची गोष्ट नाही.

मारिया माँटेसरींच्या साधनांत काड्यांच्या पेट्या असतात. शून्य ते नऊ असे दहा कप्पे आणि मोजून पंचेचाळीस काड्या. एकच्या कप्प्यात एक, दोनच्यात दोन, असं करत नऊपर्यंत काड्या बरोबर संपतात आणि शून्याचा कप्पा रिकामा राहतो. मोजणीत कुठे चूक झाली तर शेवटी काड्या उरतात किंवा कमी पडतात, मोठ्यांनी बोलावं लागत नाही. नर्सरीसाठी पुठ्ठ्याच्या खोक्यात शून्य ते चार असे पाच कप्पे आणि आइस्क्रीमच्या दहा काड्या पुरतात. रिकामा कप्पा बघून मूल अस्वस्थ होतं, शेजारची एखादी काडी हळूच तिकडे सरकवतं. शून्य अजून उमगलेलं नाही, याची ही सगळ्यात स्पष्ट खूण.

माँटेसरींचाच एक खेळ मला फार आवडतो. "माझ्याकडे शून्य वेळा ये," असं त्या मुलांना सांगत आणि मुलं धावत येत. आपल्याकडे तो टाळ्यांनी खेळता येतो. दोन टाळ्या, तीन टाळ्या, शून्य टाळ्या. शून्याला हात तसेच ठेवणं मुलांना जड जातं. जमलं की स्वतःवरच खूश होऊन हसतात.

शून्य लिहायला शिकवण्याची घाई मात्र अजिबात नको. ते चिन्ह सगळ्यात सोपं, म्हणून गिरवण्याच्या वहीत ते पहिल्याच पानावर येतं. मूल पानभर गोल काढतं आणि त्याच्या दृष्टीने ते लाडू असतात. दहा, वीस यांतलं शून्य हे प्रकरणच निराळं, त्याला पहिलीपर्यंत हात लावू नये. पालकांना वहीत काहीतरी दिसायला हवं असतं, त्याचा शाळांवर दाब असतो, हे मी जाणून आहे. तरी नर्सरीत गिरवलेल्या शून्याला मी शिकणं म्हणणार नाही.

घरी चार वर्षांचं मूल असेल, तर या आठवड्यात शेवटची पोळी वाढून झाल्यावर डबा लगेच उचलू नका. झाकण उघडं ठेवा आणि विचारा, "पोळ्या किती उरल्या?" "संपल्या" म्हणालं तरी चालेल, 'शून्य पोळ्या' एवढं तुम्ही जोडा.