गोळी तीच, पॉवर दुसरी

औषधाच्या दुकानातून चुकीची गोळी आली, तर आपल्याकडे एकतर काउंटरवर आवाज चढतो, नाहीतर ‘जाऊ दे’ म्हणून विषय संपतो. मी यंदा दुकानाच्या मालकांना पत्र लिहिलं. दुकान आमच्या वडोदऱ्यातलंच; नाव देत नाही. पत्र गुजरातीत होतं, इथे मराठीत देते. घरातल्या मोठ्यांची औषधं हल्ली तुम्ही मुलंच आणता, म्हणून हा मजकूर तुमच्यासाठी.

“माननीय मालक,

३ मार्चला संध्याकाळी मी आपल्या दुकानातून थायरॉइडच्या गोळ्यांची १२० ची बाटली घेतली. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ५० मायक्रोग्रॅम लिहिलं आहे. मला दिलेली बाटली १०० ची होती. कंपनी तीच, झाकण तेच, लेबलवर फक्त आकडा वेगळा. दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी एक, अशा १९ गोळ्या माझ्या पोटात गेल्या. म्हणजे १९ दिवस दुप्पट औषध.

दुसऱ्या आठवड्यापासून छातीत धडधड, बोटांना कंप आणि रात्रभर जाग सुरू झाली. २२ मार्चला बाटली आणि चिठ्ठी शेजारी ठेवल्यावर कारण कळलं. दुसऱ्या दिवशी तपासणी केली. जानेवारीत २.४ असलेलं टीएसएच ०.२ वर आलं होतं. डॉक्टरांनी ईसीजी काढला आणि पुन्हा ५० ची गोळी सुरू केली. हे औषध शरीरातून निम्मं उतरायलाच सुमारे आठवडा लागतो, म्हणून पुढची तपासणी सहा आठवड्यांनी आहे. हृदयविकार असलेल्या वयस्कर माणसाला हीच बाटली गेली असती, तर गोष्ट धडधडीवर थांबली नसती.

आपल्या माणसाने मला सांगितलं, ‘बिलात १०० च आहे, मग चूक कुठे?’ चूक नेमकी तिथेच आहे. आपल्याकडे आधी बाटली काढतात आणि मग तिच्यावरून बिल करतात. त्यामुळे चुकीची बाटली काढली, तरी बिल आणि बाटली जुळणारच. पडताळणी चिठ्ठीशी व्हायला हवी होती, ती कोणी केली नाही. औषध नियम १९४५ प्रमाणे चिठ्ठीवरचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टने किंवा त्याच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली द्यायचं असतं. त्या संध्याकाळी काउंटरवर फार्मासिस्ट होते का, हे कृपया लेखी कळवावं.

माझ्या विनंत्या तीन आहेत. पहिली, ५० आणि १०० च्या बाटल्यांचा साठा मोजून चिठ्ठ्यांशी ताडावा. एक ५० ची जास्त आणि एक १०० ची कमी भरली, तर चूक माझ्यापुरती होती असं मानता येईल. फरक त्याहून मोठा असेल, तर बिलांवरून बाकीच्या गिऱ्हाइकांना फोन करावा. दुसरी, एकाच औषधाच्या वेगवेगळ्या पॉवर शेजारी ठेवू नयेत. तिसरी, पिशवी देण्यापूर्वी फार्मासिस्टने चिठ्ठी हातात घेऊन नाव, पॉवर आणि संख्या मोठ्याने वाचावी.

चिठ्ठी, बिल आणि दोन्ही तपासण्यांच्या प्रती जोडल्या आहेत. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास राज्याच्या औषध नियमन कार्यालयाकडे तक्रार करीन.”

पत्रात मी बिलाची प्रत जोडली, बाटली नाही. उरलेल्या १०१ गोळ्यांसकट ती घरीच, वेगळ्या डब्यात आहे. दुकानदार ‘बदलून देतो’ म्हणाला, तरी अशी बाटली देऊन टाकू नका. बॅच नंबर, उरलेल्या गोळ्या आणि बिल एकत्र असले, तरच किती दिवस काय घेतलं हे दाखवता येतं. डॉक्टरांनाही त्याच हिशोबाचा उपयोग होतो. ‘बरेच दिवस’ यापेक्षा ‘१९ गोळ्या’ हे त्यांच्या कामाचं.

पत्रात मी नुकसानभरपाई मागितली नाही. तसा दावा ग्राहक आयोगाकडे वेगळा करता येतो. मला साठ्याची मोजणी हवी होती, आणि पैशांची गोष्ट निघाली की मालक बोलणं वकिलावर सोडतात.

आठव्या दिवशी उत्तर आलं. मोजणीत एक बाटली इकडची तिकडे निघाली, म्हणजे दुसऱ्या कोणाला चुकीची गेली नव्हती. त्या वेळी फार्मासिस्ट जेवायला गेले होते, हेही मालकांनी लिहून दिलं. आता ते नसताना चिठ्ठीवरचं औषध देत नाहीत. मागच्या आठवड्यात मला त्यामुळे वीस मिनिटं बाकावर बसावं लागलं. मग फार्मासिस्ट आले, चिठ्ठी हातात घेतली आणि म्हणाले, “बेन, पचास. बराबर?”