देश कळतो, पासपोर्ट कळत नाही

मतदार यादीत नाव कसे नोंदवायचे, यावर नागपुरात बसून आपण आठ मिनिटांचा मराठी व्हिडिओ करतो. फॉर्म 6 दाखवतो, वस्तीतल्या बीएलओचे काम सांगतो आणि शेवटी मतदानाला जाताना ओळखपत्र विसरू नका म्हणतो. मोमीनपुऱ्यातल्या मुलाला तो पुरेसा आहे. पण महिनाभराने यूट्यूब स्टुडिओत ऑडियन्सचा रिपोर्ट उघडला आणि बरेच प्रेक्षक सौदी अरेबिया, कुवेत, अमिरातीचे निघाले, तर? कोकणातली कितीतरी मुस्लिम कुटुंबे आखाती नोकऱ्यांवर उभी आहेत, त्यामुळे हे अशक्य नाही. त्या प्रेक्षकाला आपण चुकीचा फॉर्म भरायला सांगितलेला असतो.

परदेशात राहणाऱ्या भारतीय नागरिकासाठी फॉर्म 6A आहे. त्याचे नाव पासपोर्टवरच्या भारतातल्या पत्त्याच्या मतदारसंघात नोंदले जाते. त्याला मतदार ओळखपत्र मिळत नाही. मत द्यायला स्वतः त्या केंद्रावर यावे लागते आणि मूळ पासपोर्ट दाखवावा लागतो. म्हणजे या प्रेक्षकासाठी भाषा बदलण्याआधी उदाहरणच बदलायला हवे. बीएलओऐवजी, रत्नागिरीचा पत्ता असलेला पासपोर्ट घेऊन रियाधला राहणारा तरुण घ्या. सुट्टीचे तिकीट आणि मतदानाची तारीख जुळवणे हीच त्याची खरी अडचण असते.

आता रिपोर्टमध्ये काय वाचायचे ते पाहू. देशांची यादी एकटी फारसे सांगत नाही. तिच्याशेजारी त्या देशातला सरासरी पाहण्याचा वेळ ठेवा. समजा, भारतातले प्रेक्षक सरासरी चार मिनिटे थांबतात आणि सौदीतले दीड मिनिट. दुसऱ्या मिनिटाला आपण काय बोलत होतो, ते स्वतः ऐका. तिथे बीएलओचा विषय निघाला असेल, तर कारण बहुधा सापडले. सौदीतून पाहणारे एकूण दहा-वीसच असतील, तर मात्र त्या आकड्यावरून काहीही ठरवू नका. दोघांनी चुकून उघडून लगेच बंद केला, तरी सरासरी कोसळते.

बोलण्याचा वेग रिटेन्शनच्या आलेखात दिसतो. रेषा खाली जाते तिथे लोक सोडून गेले किंवा पुढे सरकले. ती मध्येच वर उसळते तिथे बरेचदा लोकांनी मागे जाऊन पुन्हा ऐकलेले असते. कागदपत्रांच्या यादीवर अशी उसळी दिसली, तर खूश होण्याआधी आपण ती यादी किती भरभर वाचली ते तपासा. एकेक कागद पडद्यावर दाखवून थोडे थांबले की काम होते. साधारणपणे हा आलेख सगळ्या प्रेक्षकांचा मिळून असतो, म्हणून परदेशातल्यांसाठी वेगळा व्हिडिओ केला तरच तो त्यांच्याबद्दल नीट बोलतो.

भाषेबाबत आपली चूक दुहेरी असते. एकीकडे 'करून राहिला' म्हणत नागपुरी गप्पा, दुसरीकडे 'अनिवासी निर्वाचक' असले सरकारी शब्द. दापोलीहून दुबईला गेलेल्याला दोन्ही अडखळवतात. पोर्टलवर इंग्रजीत Overseas Elector दिसणार असेल, तर तोच शब्द तोंडाने म्हणा आणि पडद्यावर दाखवा. कोणत्या भाषेची सबटायटल्स वापरली गेली, हेही ऑडियन्सच्या भागात दिसते. मराठी ऐकताना इंग्रजी सबटायटल्स लावणारे बरेच असतील, तर त्यांना मराठी कळते पण देवनागरी वाचायला जड जाते, असा अंदाज करता येतो. अंदाजच, सोबत कोणी मराठी न समजणाराही बसलेला असू शकतो.

व्हिडिओ टाकण्याच्या वेळेचेही असेच. नागपूरला रात्रीचे नऊ वाजतात तेव्हा दुबईत साडेसात आणि रियाध-कुवेतमध्ये साडेसहा झालेले असतात. माणूस तेव्हा कामावरून परतत असेल किंवा मगरिबच्या घाईत असेल. शुक्रवारची सुट्टी गृहीत धरू नका: सौदी आणि कुवेतमध्ये शुक्रवार-शनिवार सुट्टी असते, अमिरातीत 2022 पासून सरकारी कार्यालयांना शुक्रवारी अर्धा दिवस आणि शनिवार-रविवार सुट्टी आहे.

वय आणि लिंगाच्या आकड्यांवर आमचा भरवसा सगळ्यात कमी. ते लॉग इन केलेल्या प्रेक्षकांवरून येतात. घरच्या टीव्हीवर वडिलांच्या खात्यातून मुलगी पाहत असेल, तर रिपोर्टमध्ये पंचेचाळिशीचा पुरुष दिसतो. गल्फमधला एकटा राहणारा कामगार आणि लंडनमधले कुटुंब यांच्यात तर याहून मोठा फरक आहे, तो रिपोर्टमध्ये येतच नाही. लंडनच्या प्रेक्षकाने ब्रिटिश नागरिकत्व घेतले असेल, तर तो भारतात मतदार होऊच शकत नाही; 6A त्याच्यासाठी नाही. त्यामुळे व्हिडिओच्या पहिल्या अर्ध्या मिनिटातच विचारा, 'तुमचा पासपोर्ट भारतीय आहे का?' नसेल, तर तो तिथेच निघून जाईल आणि आलेख सुरुवातीलाच खाली येईल. तो येऊ द्या.