आकड्यामागची अट

विजेच्या स्कूटरच्या चित्राखाली ठळक अक्षरांत ‘एका चार्जमध्ये 120 किलोमीटर, साडेतीन तासांत चार्ज’ अशी ओळ छापलेली असते. ही ओळ सहसा खोटी नसते. पण तिच्यातील अर्धे सत्य गाळलेले असते.

हा 120 चा आकडा येतो कोठून? पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडी रोलरवर ठेवून ठरलेल्या चालनचक्राप्रमाणे पळवतात. भारतीय चालनचक्र 108 सेकंदांचे आहे. त्यात सरासरी वेग ताशी सुमारे 22 आणि कमाल वेग 42 किलोमीटर असतो. खरा चढ नाही, समोरचा वारा नाही, मागे ओझे नाही. दोन गाड्यांची तुलना करण्यास ही चाचणी योग्यच आहे. रोजच्या पल्ल्याची हमी ती देत नाही.

समजा, बॅटरीत वापरता येण्याजोगी 3 युनिट वीज आहे. चाचणीत किलोमीटरला 25 वॅट-तास लागले, म्हणून 120 किलोमीटर. हीच गाडी घरपोच जेवण पोचवणाऱ्या कामगाराने हप्त्यावर घेतली. पाठीवर 20 किलोची पिशवी, उड्डाणपुलांचे चढ, वेळ गाठण्यासाठी ताशी 50 चा वेग. वेग वाढला की हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. खर्च 36 वॅट-तासांवर गेला, तर पल्ला 83 किलोमीटर उरतो. काही वर्षांनी बॅटरीची क्षमता 80 टक्क्यांवर आली की तो सुमारे 67 होतो.

चार्जिंगचेही तसेच. 750 वॅटच्या चार्जरने साडेतीन तासांत बॅटरी 80 टक्क्यांपर्यंत भरेल. पण शेवटच्या टप्प्यात विद्युतप्रवाह कमी करावा लागत असल्याने पूर्ण भरण्यास पाच तास लागू शकतात. दिवसाला 100 किलोमीटर फिरणाऱ्याला दुपारी गाडी उभी करावी लागते. त्या तासांची मजुरी त्याची बुडते. हप्ता मात्र थांबत नाही.

तेव्हा ओळ अशी हवी: ‘प्रमाणित चाचणीत 120 किलोमीटर, रस्त्यावर ताशी 50 वेगाने, स्वार व 20 किलो ओझ्यासह, नव्या बॅटरीवर 83. सोबतच्या 750 वॅट चार्जरने 80 टक्क्यांपर्यंत साडेतीन तास, पूर्ण पाच तास.’ यात आकडा लहान होतो, पण तो ग्राहकाला पडताळून पाहता येतो.

फसव्या जाहिरातींविषयीच्या 2022 च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार खुलासा दाव्याच्याच भाषेत आणि दाव्याच्याच अक्षरवळणात असला पाहिजे. मराठीत 120 चा दावा आणि तळाशी बारीक इंग्रजीत अट, ही रीत त्या सूचनांत बसत नाही. कार्यकर्त्यांनी विक्रेत्याला तीन प्रश्न विचारावेत: कोणत्या वेगाने? किती ओझ्यासह? किती टक्क्यांपर्यंत? लेखी उत्तर न मिळाल्यास जाहिरातीचे कात्रण जोडून ग्राहक संरक्षण प्राधिकरणाकडे तक्रार करावी. कर्ज काढून श्रमसाधन विकत घेणाऱ्या माणसाला त्याची खरी ताकद आधी कळणे, हा त्याचा हक्क आहे.