हात वर न करणारी मुलगी

सुरतच्या बमरोली-पांडेसरा पट्ट्यात धुळे, नंदुरबार, जळगावहून आलेली असंख्य कुटुंबं लूमवर राबतात. मीटरवर पगार, घरात अहिराणी, महापालिकेच्या मराठी शाळेत शिक्षण. अशा घरातली एखादी मुलगी पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढते, तेव्हा काय होतं, हा या अंकाचा विषय.

हे समजून घ्यायला फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बूर्दिए (1930–2002) उपयोगी पडतात; ते स्वतः खेड्यातल्या टपाल कर्मचाऱ्याचा मुलगा. लहानपणापासून अंगात मुरलेल्या वळणाला त्यांनी ‘हॅबिटस’ म्हटलं. त्यांचं ‘फील्ड’ म्हणजे स्वतःचे नियम आणि प्रतिष्ठेची स्वतःची मोजमापं असलेलं क्षेत्र. कॉलेज हे असंच एक क्षेत्र.

वर्गात प्राध्यापक विचारतात, “काही शंका?” लूमवाल्या घरातली ती मुलगी गप्प राहते. मोठ्यांना उलट विचारायचं नाही, हे वळण तिला घरानं दिलेलं. तिथं ते शहाणपण ठरतं. वर्गात मात्र तेच मौन ‘तयारी कच्ची’ म्हणून वाचलं जातं, तोंडी परीक्षेत गुणही जातात. शेजारच्या बाकावरची प्राध्यापकाची मुलगी सहज वाद घालते, कारण तो सराव तिचा जेवणाच्या ताटावरच झालेला असतो. ही तफावत बुद्धीची नाही, पण निकालपत्रात ती बुद्धीचीच दिसते. आम्हाला हे फार सलतं.

हॅबिटस म्हणजे विधिलिखित नव्हे. ते बदलतं, पण सावकाश; आणि मग घरीही थोडं परकं वाटू लागतं.

म्हणून या अंकात आम्ही गुणांपेक्षा वर्ग, कँटीन आणि तोंडी परीक्षेतल्या वागण्याकडे पाहिलं आहे. तुमच्या घरातून कॉलेजात पहिलं कोण गेलं? तिथला कोणता अलिखित नियम उशिरा कळला? आम्हाला जरूर लिहा.