करार आपोआप संपत नाही

संपादक महोदय,

परिस्थिती पालटली की करार आपोआप संपतो, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे म्हणणे मला मान्य नाही. व्हिएन्ना कराराच्या कलम ६२ ची अट फार कडक आहे. करार ज्या परिस्थितीच्या आधारावर झाला, तीच अनपेक्षितपणे बदलायला हवी आणि उरलेल्या जबाबदाऱ्यांची व्याप्तीही मुळापासून पालटायला हवी.

चेकोस्लोव्हाकियाशी झालेला डॅन्यूबवरील धरणांचा १९७७चा करार हंगेरीने मे १९९२ मध्ये रद्द केला. राजवट बदलली, प्रकल्प परवडेनासा झाला, पर्यावरणाची जाण वाढली, अशी कारणे दिली. आंतरराष्ट्रीय न्यायालयाने १९९७ मध्ये ती फेटाळली; नवे पर्यावरणीय निकष सामावून घेण्याची सोय करारातच होती, हे त्याचे एक कारण. मला हाच मुद्दा निर्णायक वाटतो.

चेकोस्लोव्हाकियाने नदी वळवून करार मोडला, हेही खरे. पण ते ऑक्टोबरमध्ये, म्हणजे हंगेरीच्या नोटिशीनंतर. पुढे होणाऱ्या भंगाचे कारण आधीच देता येत नाही. दोघांनी करार मोडला, तरी न्यायालयाने तो जिवंत ठरवला आणि हंगेरीला आणि चेकोस्लोव्हाकियाच्या जागी आलेल्या स्लोव्हाकियाला वाटाघाटींना बसवले.

आपला,
एक वाचक