टीडीएसकडे नव्हे, नायट्रेटकडे बघा

गेल्या महिन्यात एका सोसायटीचे सचिव पाण्याच्या तपासणीचा अहवाल घेऊन आले. टीडीएस 780 आणि हार्डनेस 420 या दोन आकड्यांना त्यांनी लाल गोल केले होते. "डॉक्टर, 500 ची मर्यादा असताना 780! मुतखडे होणारच ना? सगळ्या बिल्डिंगला सॉफ्टनर बसवायचा ठराव करतोय." अहवालात त्याच पानावर, खाली, आणखी दोन नोंदी होत्या. नायट्रेट 62 आणि 'ई. कोलाय : आढळले'. त्यांना गोल नव्हता.

असे अहवाल वाचताना एक गोष्ट हमखास निसटते. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस 10500 या मानकात बऱ्याच घटकांना दोन मर्यादा आहेत. पहिली स्वीकार्य मर्यादा, म्हणजे पाणी एवढे चांगले असावे. दुसरी अनुज्ञेय मर्यादा, म्हणजे दुसरा स्रोतच नसेल तर इथपर्यंत चालवून घ्यावे. टीडीएससाठी लिटरमागे 500 आणि 2000 मिलिग्रॅम, हार्डनेससाठी 200 आणि 600. या सोसायटीचे दोन्ही आकडे या दोहोंच्या मध्ये होते. अशा पाण्याने गिझरमध्ये क्षार साठतील, साबणाला फेस येणार नाही, चव मचूळ लागेल. मुतखड्याचे म्हणाल, तर जड पाण्यापेक्षा कमी पाणी पिण्याने तो होतो, हे ओपीडीत रोज सांगावे लागते.

नायट्रेटच्या रांगेत मात्र दुसऱ्या रकान्यात आकडाच नाही. 'शिथिलता नाही' एवढेच लिहिलेले असते. 45 म्हणजे 45. ई. कोलाय तर 100 मिलिलिटर पाण्यात एकही सापडता कामा नये. कारण हा जंतू माणसाच्या व जनावरांच्या आतड्यात राहतो. तो पाण्यात दिसला, याचा अर्थ मैला कुठून तरी पाण्यात मिसळतो आहे. त्याच वाटेने कावीळ आणि विषमज्वरही येऊ शकतात.

नायट्रेटचा खरा धोका सहा महिन्यांखालच्या, बाटलीने दूध पिणाऱ्या बाळांना. पोटात नायट्रेटचे नायट्राइट होते आणि ते रक्तातल्या हिमोग्लोबिनची प्राणवायू वाहण्याची ताकद काढून घेते. बाळाचे ओठ, नखे निळसर पडतात. सचिवांना विचारले, तर तिसऱ्या मजल्यावर दोन महिन्यांचे बाळ होते आणि त्याला पावडरचे दूध चालू होते. त्याची आई पाणी वीस मिनिटे उकळत होती, बिचारी काळजीपोटी. उकळल्याने जंतू मरतात, पण पाणी आटते आणि नायट्रेट आणखी दाट होते. सॉफ्टनर किंवा क्लोरीन नायट्रेट काढत नाही. आरओ बऱ्याच अंशी काढतो. अंगावरचे दूध पिणाऱ्या बाळाला ही भीती नाही.

मग पाणी बिघडते कुठे? तपासलेला नमुना जमिनीखालच्या टाकीतला होता आणि त्या टाकीत महापालिकेचे व बोअरचे पाणी निम्मे निम्मे पडते. दोन्ही वेगवेगळे तपासायला सांगितले. महापालिकेच्या नळात नायट्रेट 6, टीडीएस 180, ई. कोलाय नाही. बोअरमध्ये नायट्रेट 118, टीडीएस 1380 आणि ई. कोलाय हजर. सरासरी काढून पाहा, बरोबर 62 आणि 780. प्लंबरने बोअरशेजारचे ड्रेनेजचे चेंबर उघडले, तर तळाला तडा.

बोअरचे प्रमाण एक तृतीयांशावर आणले तर नायट्रेट 45 च्या आत बसते, असा हिशोब एका सदस्याने मांडला. हिशोब चूक नाही, पण मैला मिसळलेले पाणी पातळ करून पिण्याचा तो हिशोब आहे. बोअरची पाइपलाइन तोडून फक्त फ्लश आणि बागेला द्यावी, चेंबर दुरुस्त करावे. सॉफ्टनरचे पैसे त्याला लागू द्यावेत, असे मी सुचवले.

बोअरचे पाणी तोडल्यावर टाकी धुऊन भरायची आणि टीसीएल पावडर टाकायची. 50 हजार लिटरच्या टाकीला लिटरमागे 2 मिलिग्रॅम क्लोरीन धरले तर 100 ग्रॅम लागते. पावडरीत क्लोरीन 25 टक्के असेल तर पावडर 400 ग्रॅम. जुनी, ओलसर पावडर मात्र निकामी असते. अर्ध्या तासाने सर्वांत लांबच्या नळाला ओटी टेस्ट करून किमान 0.2 क्लोरीन दिसते का पाहायचे. दिसले नाही तर मात्रा वाढवायची.

फेरतपासणीचा नमुना पेप्सीच्या धुतलेल्या बाटलीत नेऊ नका. प्रयोगशाळेची निर्जंतुक बाटली घ्या, नळाचे तोंड ज्योतीने तापवा, पाणी दोन-तीन मिनिटे वाहू द्या आणि बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी पोहोचवा. तो अहवाल स्वच्छ येईपर्यंत सगळ्यांनी पिण्याचे पाणी थेट महापालिकेच्या नळाचे, उकळून घ्यावे. तिसऱ्या मजल्यावरच्या बाळाचे दूधही त्याच पाण्यात करावे.