विश्लेषण : एआय कामाला लागले, तरी आकड्यांत का दिसत नाही?

कॉल सेंटरमध्ये एआय, बँकेत एआय, वकिलाच्या टेबलावरही एआय. मग देशाची उत्पादकता का उसळत नाही, हा प्रश्न सध्या दोन गट विचारतात. एक गट म्हणतो, हा सगळा फुगा आहे. दुसरा म्हणतो, थांबा, पुढच्या वर्षी बघा. दोघेही आकडेवारीकडून ती देऊ शकत नाही ते मागत आहेत.

हा प्रश्न जुना आहे. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट सोलो यांनी १९८७ मध्ये एका पुस्तक परीक्षणात जाता जाता नोंदवले होते, की संगणक सगळीकडे दिसतो, फक्त उत्पादकतेच्या आकडेवारीत दिसत नाही. त्याच वर्षी त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले आणि हे निरीक्षण ‘सोलो विरोधाभास’ म्हणून रूढ झाले. अमेरिकेत १९७३ ते १९९५ या काळात कामगार उत्पादकता वर्षाला जेमतेम दीड टक्क्याने वाढत होती. त्यानंतरच्या दशकभरात हा वेग तीन टक्क्यांच्या जवळ गेला. संगणक मात्र त्याच्या कितीतरी आधी कार्यालयांत येऊन बसले होते.

एकेका कर्मचाऱ्याचा फायदा खरा आहे का?

खरा आहे, पण सगळीकडे सारखा नाही. ग्राहक सेवेतील पाच हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांवरील अमेरिकी संशोधकांच्या अभ्यासात एआय सहायक दिल्यावर तासाला सुटणाऱ्या तक्रारी सरासरी १४ टक्क्यांनी वाढल्या. नवख्यांना सर्वाधिक, साधारण एक तृतीयांश फायदा झाला, तर मुरलेल्यांना जवळपास काहीच नाही. दुसरीकडे डेन्मार्कमध्ये २५ हजार कर्मचारी आणि ७ हजार आस्थापनांची माहिती तपासली, तेव्हा चॅटबॉटमुळे वाचलेला वेळ सरासरी तीन टक्क्यांच्या आसपास निघाला. पगारात किंवा कामाच्या तासांत फरक दिसला नाही.

मग हा फायदा मधल्या मध्ये मुरतो कुठे?

एका कार्यालयाचा हिशेब

समजा, विमा दावे निकाली काढणारे एक कार्यालय आहे. ४० कर्मचारी, प्रत्येकी दिवसाला १० दावे, म्हणजे एकूण ४००. कार्यालयाने एआय प्रणाली घेतली. जुन्या फायली धड स्कॅन केलेल्या नाहीत, आजारांची नावे दहा प्रकारे लिहिलेली आहेत, आणि यंत्राने दिलेले उत्तर कोणी तपासायचे हेही ठरलेले नाही. म्हणून सहा जणांना रोजच्या कामातून काढून या साफसफाईला लावले. उरलेले ३४ जण दहा टक्के वेगवान झाले; प्रत्येकी ११ दावे. एकूण ३७४.

प्रत्येक काम करणारा वेगवान झाला, तरी कार्यालयाची उत्पादकता साडेसहा टक्क्यांनी घसरली! पगार ४० जणांचाच, वर प्रणालीचे भाडे. त्या सहा जणांनी काहीच निर्माण केले नाही का? केले. स्वच्छ माहिती, तपासणीचे नियम, कामाची नवी घडी. हे पुढची अनेक वर्षे उपयोगी पडणारे भांडवल आहे. पण ताळेबंदात ते भांडवल म्हणून नव्हे, तर पगाराचा खर्च म्हणून बसते. राष्ट्रीय हिशेबात विकत घेतलेले सॉफ्टवेअर गुंतवणूक ठरते. कामाची फेरमांडणी आणि कर्मचाऱ्यांचे शिकणे ठरत नाही.

तिसऱ्या वर्षी ते सहा जण परत आले आणि सगळे ४० जण १२ दावे काढू लागले, तर आकडा ४८० होतो. ३७४ वरून ४८० म्हणजे २८ टक्क्यांची उडी. हीसुद्धा फसवीच, कारण आधी उभारलेले भांडवल हिशेबात नाही. त्याचे फळ तेवढे मोजले गेले. एरिक ब्रिन्योल्फसन, डॅनियल रॉक आणि चॅड सायव्हरसन या अर्थतज्ज्ञांनी यालाच इंग्रजी ‘जे’ अक्षराच्या आकाराचा वक्र म्हटले आहे. आधी उत्पादकता असते त्याहून कमी मोजली जाते, नंतर जास्त.

आणि ४८० होतीलच याची हमी नाही. शेवटची सही करणारे वैद्यकीय अधिकारी दिवसाला ४०० फायलीच पाहू शकत असतील, तर बाकीच्यांचा वेग म्हणजे त्यांच्या टेबलावरचा वाढता ढीग.

बँकांनी हे आधी अनुभवले आहे

आपल्याकडे रंगराजन समितीच्या १९८४ च्या अहवालानंतर बँक शाखांत खतावणीची यंत्रे आली. खाते मात्र शाखेचेच राहिले. काऊंटर तेच, टोकन तेच, पास करणारा अधिकारी तोच. हाताने होणारी नोंद यंत्रावर होऊ लागली, एवढाच बदल. साल २००० नंतर कोअर बँकिंग पसरले तेव्हा खाते शाखेचे न राहता बँकेचे झाले. कोणत्याही शाखेतून, एटीएममधून पैसे मिळू लागले. मधली जवळपास दोन दशके यंत्र बनवण्यात गेली नव्हती. फोनच्या तारा, कर्मचारी संघटनांशी करार, खात्यांचे स्थलांतर आणि हजारो जणांच्या सवयी बदलणे यात ती गेली.

आजच्या बहुतेक कंपन्यांतील एआय या खतावणी यंत्राच्या टप्प्यावर आहे, असे माझे मत आहे. मेल लवकर लिहिला जातो, पण तो मंजूर करणारी साखळी जुनीच आहे.

देशाच्या आकड्यांत आणखी उशीर का?

एक तर वापर अजून विरळ आहे. अमेरिकी जनगणना विभागाच्या सर्वेक्षणात २०२५ च्या मध्यापर्यंत वस्तू वा सेवांच्या निर्मितीत एआय वापरणाऱ्या कंपन्या दहा टक्क्यांहून कमी होत्या. दुसरे कारण मोजमापाचे. सरकारी कार्यालयाची सेवा बाजारात विकली जात नाही, म्हणून तिचे मूल्य मुख्यतः पगारासारख्या खर्चावरून धरतात. तलाठी कार्यालयात दाखला आठ दिवसांऐवजी एका दिवसात मिळू लागला, तरी त्यामुळे जीडीपी हलत नाही.

पुण्याच्या आयटी कंपन्यांची गोष्ट तर उलटीच. अनेक कंत्राटांत बिल माणसाच्या तासांवर निघते. पाच तासांचे काम तीन तासांत झाले, की बिलही तीनच तासांचे. कंत्राटाची पद्धत बदलेपर्यंत प्रोग्रामरची कार्यक्षमता कंपनीच्या उत्पन्नात घट म्हणून दिसू शकते आणि फायदा परदेशी ग्राहकाच्या पदरात पडतो.

माझा आक्षेप आहे तो या उशिराच्या गैरवापराला. फायदा दिसण्यापूर्वीच ‘एआयमुळे’ असे सांगून नवोदितांची भरती थांबवली जाते. ग्राहक सेवेच्या त्या अभ्यासात सर्वाधिक वेगवान झाले होते ते नवखेच. शिवाय फायली साफ करायला आणि नवी घडी बसवायला माणसे लागतात. वरच्या उदाहरणातील ते सहा जणच कमी केले, तर कार्यालय ३७४ वरच अडकते.

म्हणून एखादी कंपनी किती परवाने घेतले हे सांगू लागली, तर तिला दोन गोष्टी विचाराव्यात. तपासणी करणाऱ्यांसकट सगळ्यांचे तास धरून एका दाव्याला किती वेळ लागतो? आणि अर्ज आल्यापासून पैसे खात्यात पडेपर्यंत किती दिवस जातात? पहिला आकडा तसाच आणि दुसराही तसाच असेल, तर यंत्र आले आहे, काम अजून जुन्याच वाटेने चालले आहे.